'नॉर्मल' म्हणजे काय? मॅमोग्राफीची गाडी, घन स्तन आणि कौंडण्यपूरच्या बाया

कर्करोग तपासणीची गाडी तालुक्याला आली की फोटो निघतात. रिबीन कापली जाते, पुढारी बोलतात, शंभर-दीडशे बाया रांगेत उभ्या राहतात आणि संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात एक चिठ्ठी पडते. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'नॉर्मल' लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा छापून येतो : इतक्या महिलांची तपासणी झाली. आमचा वाद त्या आकड्याशी नाही. आमचा वाद त्या 'नॉर्मल' या शब्दाशी आहे. तो शब्द दोन वेगवेगळ्या बायांच्या चिठ्ठीवर सारखाच दिसतो, पण दोघींसाठी त्याचा अर्थ सारखा नसतो. हा फरक बायांना सांगितला जात नाही, आणि शिबिरं भरवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनाही तो बहुतेक वेळा माहीत नसतो.

म्हणून आधी फरक समजून घेऊ. राजकारण त्यानंतर.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. स्तन दोन पाट्यांमध्ये दाबून प्रत्येक बाजूचे दोन, असे एकूण चार फोटो काढतात. स्तनात चरबी असते, आणि दुधाच्या ग्रंथी व त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. एक्स-रेमध्ये चरबी काळपट दिसते. ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. ज्या बाईच्या स्तनात चरबी जास्त, तिच्या फोटोत काळ्या जमिनीवर पांढरी गाठ चटकन डोळ्यात भरते. जिच्या स्तनात ग्रंथी आणि तंतू जास्त, तिचा सगळा फोटोच पांढरा असतो. वेचणीला आलेल्या कपाशीच्या वावरात कुणी पांढरा रुमाल टाकला तर तो लांबून दिसेल का? तसंच हे आहे. डॉक्टर हुशार असोत की नवखे, फोटोतच वेगळं न उमटलेलं कुणालाही वाचता येत नाही.

अशा स्तनांना 'घन' म्हणतात. रेडिओलॉजीचे डॉक्टर फोटो पाहून घनतेचे चार गट पाडतात : ए, बी, सी आणि डी. ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. बी म्हणजे मधून मधून घन भाग. सी म्हणजे बराचसा भाग घन, इतका की लहान गाठ झाकली जाऊ शकते. डी म्हणजे अतिशय घन. सी आणि डी मिळून 'घन स्तन' मानले जातात. ए गटातल्या दहा कर्करोगांपैकी साधारण नऊ मॅमोग्राफी पकडते. डी गटात मात्र दहातले तीन-चार तिच्या हातून सुटू शकतात. त्यात भर अशी की अतिशय घन स्तन असलेल्या बाईला कर्करोग होण्याची शक्यताच जास्त असते. ए आणि डी या दोन टोकांची तुलना केली तर हा फरक चार पटींहून अधिक निघालेला आहे. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच यंत्राची नजर कमजोर.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्तन हाताला टणक लागला म्हणजे तो घन, आणि मऊ लागला म्हणजे घन नाही, असं नसतं. घनता हाताने कळत नाही, बाईला स्वतःला जाणवत नाही, आणि तिचा स्तनाच्या आकाराशीही थेट संबंध नाही. ती फक्त फोटोत दिसते. म्हणजे ही माहिती पहिल्यांदा कुणाला कळते, तर फोटो वाचणाऱ्या डॉक्टरला. तो बोलला नाही, तर बाईला ती कळण्याचा दुसरा मार्गच नाही.

आता प्रश्न विचारू : घन स्तन कुणाचे असतात? वय हे पहिलं उत्तर. पाळी जाण्याच्या आधी ग्रंथी जास्त असतात, पाळी गेल्यावर त्यांची जागा हळूहळू चरबी घेते. म्हणून चाळिशीतल्या बाईचे स्तन साठीतल्या बाईपेक्षा घन असण्याची शक्यता जास्त. दुसरं उत्तर अंगकाठी. अंगात चरबी कमी असलेल्या बाईच्या स्तनातही चरबी कमी, म्हणून घन भागाचं प्रमाण जास्त.

ही दोन उत्तरं घेऊन आपण कौंडण्यपूरला जाऊ. तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव. लोक त्याला रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखतात. कार्तिक पौर्णिमेला इथे यात्रा भरते, आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. त्याच गावात कापूस वेचणारी, सोयाबीन सोंगणारी, निंदणाला जाणारी चव्वेचाळीस वर्षांची एक मजूर बाई डोळ्यांसमोर आणा. अंगावर मांस नाही, पाळी अजून चालू आहे. युरोप-अमेरिकेत स्तनाचा कर्करोग जास्त करून साठीच्या आसपास सापडतो. आपल्या देशात तो साधारण दहा वर्षं आधी, म्हणजे चाळिशी-पन्नाशीत मोठ्या प्रमाणात दिसतो. म्हणजे ज्या वयात आपल्या बायांना हा आजार गाठतो, त्याच वयात त्यांचे स्तन घन असण्याची शक्यता अधिक. मॅमोग्राफीच्या तपासणीचा सगळा डोलारा पन्नाशी ओलांडलेल्या, खात्यापित्या पाश्चात्त्य बायांवरच्या अभ्यासांवर उभा राहिला. तोच डोलारा चाकांवर ठेवून कष्टकरी बाईच्या दारात आणला, तर त्याची मर्यादाही तिला सांगावी लागते. ती कुणी सांगत नाही.

ही बाई गाडीत तपासून घेते असं समजा. डॉक्टरच्या पूर्ण रिपोर्टवर दोन गोष्टी असायला हव्यात : एक आकडा आणि एक अक्षर. आकडा शून्य ते सहा, त्याला बायरॅड्स म्हणतात. एक किंवा दोन म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही. तीन म्हणजे बहुधा साधं आहे, पण सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. चार किंवा पाच म्हणजे सुईने तुकडा काढून तपासा. सहा म्हणजे कर्करोग आधीच सिद्ध झालेला आहे. शून्य म्हणजे फोटो पुरेसा नाही, आणखी तपासणी हवी. अक्षर ए ते डी, म्हणजे घनता. आपल्या बाईच्या रिपोर्टवर 'बायरॅड्स एक, घनता सी' असं असेल, तर त्याचं सरळ मराठी असं : "आम्हाला काही दिसलं नाही, पण आम्हाला नीट दिसतही नव्हतं." शिबिराच्या चिठ्ठीवर यातला पहिला अर्धा भाग उतरतो. दुसरा अर्धा डॉक्टरच्या संगणकात राहतो. आम्ही पाहिलेल्या शिबिरांतल्या चिठ्ठ्यांवर आकडाही नव्हता, अक्षरही नव्हतं. फक्त 'नॉर्मल', तारीख आणि शिक्का.

त्या एका शब्दाचा परिणाम काय होतो? सहा महिन्यांनी तिच्या हाताला बारीकशी गाठ लागते. दुखत नाही. जाऊबाई म्हणते, दाखवून ये. ती म्हणते, "मशिनीनं त नॉर्मल सांगतलं ना माय, दुखत बी नाई, मंग कायले मजुरी पाडू?" एरवी ती घाबरून तरी दवाखान्यात गेली असती. आता शासकीय शिक्क्याचा कागद तिला घरी थांबवतो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि गाठ हाताला लागत असेल तर आधीचा नॉर्मल फोटो तिला खोटं ठरवू शकत नाही. या दोन गोष्टी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन ओळींत छापता आल्या असत्या.

काही जण म्हणतात, आधी गाडी तरी येऊ द्या, गावच्या बायांना घनता-बिनता काय समजणार? हा युक्तिवाद आम्ही चांगला ओळखतो. लेकरांना शाळेत काय कळणार, मजुराला मतदानातलं काय कळणार, हे म्हणणारे त्याच घराण्यातले. बाईला तिच्या शरीराबद्दलची माहिती द्यायची की नाही, हे तिच्या शिक्षणावरून ठरवण्याचा अधिकार यांना कुणी दिला? आणि शिकलेल्या बायांना तरी ही माहिती आपोआप मिळाली का? अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात नॅन्सी कॅपेलो नावाची बाई वर्षानुवर्षं नियमाने मॅमोग्राफी करून घेत होती. दर वेळी रिपोर्ट नॉर्मल. 2004 च्या सुमारास असाच एक नॉर्मल रिपोर्ट आल्यावर काही आठवड्यांतच नेहमीच्या तपासणीत डॉक्टरच्या हाताला काहीतरी लागलं. पुन्हा मॅमोग्राफी केली, पुन्हा काही दिसलं नाही. सोनोग्राफीत गाठ दिसली, आणि रोग तिसऱ्या टप्प्यात गेलेला होता. तिचे स्तन घन आहेत हे डॉक्टरांना ठाऊक होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती लढली. तिच्या राज्यात 2009 मध्ये घनता कळवण्याचा कायदा झाला, मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. 10 सप्टेंबर 2024 पासून साऱ्या अमेरिकेत मॅमोग्राफी केलेल्या प्रत्येक बाईला तिचे स्तन घन आहेत की नाहीत हे लेखी कळवणं सक्तीचं झालं. तिथल्या बाईला जे पत्र घरपोच मिळतं, ते तिवसा तालुक्यातल्या बाईला चिठ्ठीवरच्या एका अक्षराच्या रूपातही का मिळू नये?

आता दुसऱ्या बाजूच्या दुकानदारीकडे वळू. घनतेचा मुद्दा काढला की लगेच कुणीतरी म्हणतं, मग मॅमोग्राफी सोडा, सोनोग्राफीच करा : दुखत नाही, किरणं नाहीत, स्वस्तात होते. असं सांगून पॅकेज विकणारेही आहेत. हेही अर्धसत्य आहे.

सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते. तिच्यात ग्रंथींचा भाग उजळ दिसतो आणि कर्करोगाची गाठ बहुधा काळपट दिसते. म्हणून एक्स-रेमध्ये पांढऱ्यात हरवलेली गाठ इथे वेगळी उठून दिसू शकते. ही तिची खरी ताकद. पण कर्करोगाच्या अगदी सुरुवातीच्या एका प्रकारात गाठ नसतेच, मिठाच्या कणांसारखे चुन्याचे बारीक ठिपके असतात. ते मॅमोग्राफी चांगले दाखवते, सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसत नाहीत. शिवाय सोनोग्राफी हात फिरवणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. आणि तिला पाण्याच्या गाठी, साध्या गाठी असं बरंच निरुपद्रवीही दिसतं, ज्यामागे मग सुया टोचाव्या लागतात.

हा व्यवहार जपानने मोजून पाहिला. तिथल्या मोठ्या चाचणीत चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे 73 हजार बाया होत्या. अर्ध्यांची फक्त मॅमोग्राफी केली, अर्ध्यांची मॅमोग्राफी अधिक सोनोग्राफी. पहिल्या फेरीचे निकाल 2016 मध्ये आले. ते हजार बायांच्या हिशोबात मांडू. नुसत्या मॅमोग्राफीने हजारात साधारण 3 कर्करोग सापडले, दोन्ही तपासण्यांनी 5. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात अचानक उघडकीला येणारे, म्हणजे तपासणीतून निसटलेले कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आले : दोन हजारांत 2 होते, ते 1 झाले. पण पुढच्या तपासण्यांसाठी परत बोलावलेल्या बाया हजारात 88 होत्या, त्या 126 झाल्या. म्हणजे दोन जास्तीचे कर्करोग सापडण्यासाठी 38 जास्तीच्या बायांना परत यावं लागलं. किती मृत्यू टळले, याचा हिशोब त्या निकालात नव्हता.

हेच कौंडण्यपुरात उतरवून पाहा. आपल्या ग्रामीण भागात या आजाराचं प्रमाण जपानहून कमी आहे. म्हणजे हजार बायांमागे सापडणारे कर्करोग कमी, पण विनाकारण परत बोलावणं तितकंच. आणि इथे परत बोलावणं म्हणजे अमरावतीला जाणं : एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, वर रांगेत नंबर लागला नाही तर पुन्हा उद्या. म्हणून 'सगळ्यांची सोनोग्राफी' हे आमचं मागणं नाही. ज्या बाईच्या फोटोत घनता सी किंवा डी आहे, तिची सोनोग्राफी शक्य तर त्याच दिवशी, त्याच खेपेत व्हावी, हे आमचं मागणं आहे. ए आणि बी गटातल्या, तक्रार नसलेल्या बाईला मॅमोग्राफी पुरेशी. चाळिशीच्या आतली बाई गाठ घेऊन आली तर सुरुवातच सोनोग्राफीने करायची. आणि कुठल्याही वयात हाताला गाठ लागत असेल तर फोटो नॉर्मल आला म्हणून सोडायचं नाही : सोनोग्राफी, आणि शंका राहिली तर सुईने तुकडा काढून तपासणी. डी गटासाठी एमआरआय याहून सरस ठरतो, हे नेदरलँड्समधल्या चाचणीने 2019 मध्ये दाखवलं. पण खेड्यातल्या तपासणीत आज ते शक्य नाही, म्हणून तो मुद्दा इथे ताणत नाही.

मग सोनोग्राफी गावात का येत नाही? इथे एक कायदा आडवा येतो, आणि त्याबद्दल आपली भूमिका स्वच्छ हवी. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, मग ते स्तन तपासो की पोट. 2012 च्या नियमांनी हातात नेता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधनं घातली. नोंदणीकृत दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच ती वापरता येतात. मॅमोग्राफीच्या गाडीला ही अडचण नाही, म्हणून गाडी सोपी आणि फोटोसाठी बरी. काही डॉक्टर मंडळी म्हणतात, कायदा सैल करा, मग बायांचे स्तन तपासू. आम्ही म्हणतो, अजिबात नाही. ज्या कायद्याने पोटातल्या पोरीला वाचवायचं, तो मोडून तिच्या आईला वाचवण्याचा सौदा आम्हाला मान्य नाही, आणि त्याची गरजही नाही. नियमातच फिरत्या पथकाला वाट ठेवलेली आहे. सरकारने आपल्या फिरत्या पथकात नोंदणी केलेलं यंत्र द्यावं. ते जमेपर्यंत शिबिराच्या दिवशी सी आणि डी गटातल्या बायांना सरकारी वाहनाने जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावं, आणि तिथे त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवावी. अडचण कायद्याची कमी आणि इच्छेची जास्त आहे.

पण खरी लबाडी गाडीच्याही आधी सुरू होते. सरकारच्या स्वतःच्या 2016 च्या आराखड्यात तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातांनी स्तन तपासणी लिहिलेली आहे. मॅमोग्राफी नव्हे, हाताने तपासणी. आशाताई जो फॉर्म भरून घेते, त्यातही स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का, हे प्रश्न आहेत. प्रत्यक्षात काय झालं? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी स्तनाची तपासणी कधी तरी झालेल्या बाया देशभरात 0.9 टक्के निघाल्या. शंभरात एकही पूर्ण नाही.

या साध्या तपासणीत दम नाही असं कुणी म्हणेल, तर त्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक बायांवर चाचणी केली. निम्म्या बायांची, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांमध्ये हाताने स्तन तपासणी केली. मॅमोग्राफी नाही, सोनोग्राफी नाही. वीस वर्षांचा निकाल 2021 मध्ये आला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कर्करोग 37 टक्के होते, दुसऱ्या गटात 47 टक्के. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. आम्ही हेही लपवत नाही. तरुण वयाच्या बायांसाठी सोपं उत्तर कुणाकडेच नाही. हाताची मर्यादा आहे, एक्स-रेची आहे, सोनोग्राफीचीही आहे. म्हणूनच या वयात एकाच यंत्राच्या एकाच शब्दावर बाईला घरी पाठवणं जास्त धोक्याचं ठरतं.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना कष्टकरी बाईच्या शरीराचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, ही भूमिका घेतली होती. ती भूमिका दयेची नव्हती, हक्काची होती. गाडी पाठवून उपकार केल्याचा आव आणणाऱ्यांना हाच फरक समजावून सांगावा लागेल.

आता आपल्या कार्यकर्त्यांसाठी. एप्रिलमध्ये जयंतीला, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण आरोग्य शिबिरं भरवतो. मॅमोग्राफीची गाडी मागवण्याआधी आयोजकांकडून तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, प्रत्येक बाईच्या चिठ्ठीवर आकडा आणि घनतेचं अक्षर मराठीत लिहिलेलं असेल. दुसरी, सी आणि डी गटातल्या बायांची सोनोग्राफी कुठे, कोणत्या तारखेला आणि कुणाच्या वाहनाने होईल, हे शिबिराच्या आधी ठरलेलं असेल. तिसरी, ज्यांना परत बोलावलं त्यांची यादी आशाताईकडे राहील, आणि त्यातल्या किती जणींची तपासणी शेवटपर्यंत पोचली याचा हिशोब तीन महिन्यांनी गावात वाचून दाखवला जाईल. लेखी देत नसतील तर गाडी नाकारा, आणि त्या दिवशी प्रशिक्षित नर्सताई बोलावून हाताने तपासणीचं शिबिर घ्या. त्याने फोटो साधा निघेल, पण कुठल्याही बाईच्या हातात खोटा दिलासा पडणार नाही.

आणि ज्यांच्या घरात आधीच अशा चिठ्ठ्या पडून आहेत, त्यांनी आज रात्री आईची, आत्याची, मावशीची चिठ्ठी बाहेर काढा. घनतेचं अक्षर नसेल तर जिथे तपासणी झाली तिथे जाऊन पूर्ण रिपोर्ट मागा. तो फोटो तिच्या शरीराचा आहे, आणि त्यात काय दिसलं नाही हे कळण्याचा पहिला हक्क तिचा आहे.